जांबोटीची गाडी

बेळगावजवळच्या खानापूरच्या स्टँडवर एक म्हातारी गाडीच्या खिडक्या न्याहाळत उभी होती. गाडीची पाटी कन्नडमधली. तिनं खालूनच हाक दिली, "आमच्या गावची कोण हाइत काय गे आत?" आतून एक ओळखीचा चेहरा डोकावला आणि ती चढली. पाटी सोडून माणसं बघून गाडी ओळखायची ही तऱ्हा मी वहीत टिपून ठेवली. आता या कल्पनेचं करायचं काय, कविता, कथा की ललित?

पहिली ओढ कवितेची. ओळही लगेच सुचली: 'अक्षरं येत नाहीत म्हणून ती माणसं वाचते.' संमेलनात हमखास टाळी घेईल अशी ओळ. पण अशा ओळीनंतर कवितेला बोलायला काही उरत नाही. सगळा अर्थ तिनंच सांगून टाकलेला असतो. शिवाय तिच्यातला 'म्हणून' मला खुपत होता. कवितेत 'म्हणून' आणि 'कारण' यायला लागले, की मी समजतो, मला इथं काहीतरी समजावून सांगायचंय. ती ओळ काढली आणि एवढंच ठेवलं:

इंजिन सुरू, धूर पायाशी,
म्हातारी एकेका खिडकीशी थांबते.
गावचं कुणी नाही.
कंडक्टर घंटी मारतो.

ती चढते की नाही, हे कवितेनं सांगू नये. सांगितलं की पुढचंही सांगावं लागतं.

या चार ओळी इथल्याच कडोलीच्या साहित्य संमेलनात वाचल्या तर समोरच्यांना काही सांगावं लागणार नाही. पाटी कुठल्या लिपीत असते आणि म्हातारी खिडक्या का बघते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पुण्याच्या मासिकात मात्र खाली टीप द्यावी लागेल, आणि टीप लागली की कविता लंगडते. म्हणजे कल्पना तीच, पण ऐकणारा बदलला की तिचं घर बदलतं. पुण्याच्या वाचकासाठी ती माहिती कुणाच्या तरी तोंडी घालायला हवी. तोंड आलं की पात्र आलं, आणि आपण कथेच्या दारात येऊन पोचलो.

कथेसाठी मी घोळ घातला. म्हातारीला जायचंय नंदगडला. गावची एक बाई दिसते म्हणून ती गाडीत चढते, पण ती बाई त्या दिवशी लेकीकडे जांबोटीला निघालेली. नंदगड एका दिशेला, जांबोटी दुसऱ्या. छान जमलं असं वाटलं, आणि तिथंच कथा फसली. कंडक्टर विचारणारच की, कुठं जायचं! जून 2023 पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी गाडीत पैसे पडत नाहीत, तरी शून्य रुपयांचं तिकीट काढावंच लागतं आणि त्यासाठी गाव सांगावं लागतं. म्हातारी नंदगड म्हणाली की कंडक्टर तिला स्टँडच्या बाहेरच उतरवील. दोन मिनिटांत कथा खलास.

कंडक्टरला विसराळू करता आलं असतं, गाडीत गर्दीही कोंबता आली असती. पण अशी ठिगळं वाचकाला लांबून दिसतात. बराच वेळ अडलो. मग कंडक्टर "यल्लिगे?" म्हणतो, तेव्हा म्हातारी शेजारणीकडे बोट करून म्हणते, "हिच्याबरोबर." बस्स! आपल्याला पाटी वाचता येत नाही हे चारचौघांत कबूल करायला नको, एवढ्यासाठी ती गाव सांगत नाही. आता चूक नशिबाची राहिली नाही, तिची स्वतःची झाली. माणूस दोन वाटांतली एक निवडतो आणि त्याचा परिणाम भोगतो, तेव्हा ते कवितेत मावत नाही. त्याला पानं लागतात, संध्याकाळ व्हावी लागते, परतीची गाडी चुकावी लागते.

आणि ललित? त्याची खूण मला शेजारच्या काकूंनी दिली. त्यांना हा प्रसंग सांगितला तर 'मग काय झालं' असं त्यांनी विचारलंच नाही. "आमची सासू ड्रायव्हरच्या मिशीवरनं गाडी ओळखायची," म्हणाल्या, आणि तिथून बोलणं रेशनच्या पावतीवर, मग नातवाच्या कन्नड शाळेवर गेलं. ऐकणारा स्वतःचं सांगू लागला की त्या कल्पनेला धड शेवट नसतो, फाटे असतात. शक्ती योजना, नातवाकडून पाटी वाचून घेणाऱ्या आज्या, हे सगळं तिथं खपून जातं. कथेत मी या नातवाला घुसवून पाहिला. तो आला की म्हातारी चुकतच नाही.

कविता कडोलीसाठी बाजूला ठेवलीय. कथा मात्र जांबोटीत अडकलीय. त्या बाईच्या लेकीनं चहा दिलाय, "ऱ्हावा की आजची रात," म्हणतेय, आणि म्हातारीनं अजून कुणालाच सांगितलेलं नाही की तिला नंदगडला जायचं होतं. तिनं सांगावं की मुकाट राहावं, यावर माझं आणि काकूंचं पटत नाही. काकू म्हणतात, ती राहील आणि सकाळी लेकीला पापड लाटू लागेल.