आमची वाटचाल: चाळीस एसी, तीन वर्षांचा करार आणि एक रजिस्टर

नागपूरच्या सीताबर्डीत विंडो एसी दुरुस्तीच्या एका गाळ्यापासून आम्ही सुरुवात केली. पुढची बरीच वर्षं सिझनमध्ये धावपळ आणि पावसाळ्यात सर्व्हिसिंग अशीच गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते बुटीबोरीच्या एका कारखान्याशी झालेल्या तीन वर्षांच्या एएमसीबद्दल, म्हणजे देखभाल कराराबद्दल. त्या कराराने आमची फर्म पहिल्याच उन्हाळ्यात बसायच्या बेतात आणली होती.

चाळीस मशिनं होती. बहुतेक स्प्लिट, काही कॅसेट, आणि सर्व्हर रूमची दोन. कॉल आल्यापासून दोन तासांत माणूस हजर, सर्व्हर रूम आठ तासांत चालू, बाकीची चोवीस तासांत, अशा अटी होत्या. महिन्याचे ९५ टक्के कॉल वेळेत बसले पाहिजेत, नाहीतर तिमाही बिलातून १० टक्क्यांपर्यंत कपात. आम्ही दर नीट वाचला आणि अटींवर नुसती सही केली.

मे महिन्यात ३१ कॉल आले. त्यांच्या हिशोबात २२ वेळेत, म्हणजे ७१ टक्के. कपात पूर्ण १० टक्के लागली, पण खरा घाव तो नव्हता. वाद मिटेपर्यंत ४ लाख ८० हजारांचं अख्खं तिमाही बिल अडकलं, आणि पाच टेक्निशियनांचे पगार व कॉपर पाइपवाल्याची उधारी एकाच आठवड्यात दारात उभी राहिली. लांब करारात छोटी फर्म दंडाने मरत नाही, अडकलेल्या बिलाने मरते. म्हणून आता करारात लिहून घेतो की वादातली रक्कम तेवढी थांबवावी आणि उरलेलं बिल मुदतीत सोडावं.

आम्ही भांडायला गेलो होतो. तिथले मेंटेनन्सचे साहेब म्हणाले, "भाऊ, बिलावर नका भांडू. रजिस्टर घेऊन बसा, एकेक कॉल काढू." त्यांचे उपकार आम्ही आजही मानतो.

उशिराचे नऊ कॉल एकेक करून काढले. पाचांत आमचा माणूस वेळेत गेटवर होता, पण वर्क परमिट तरी मिळालं नाही किंवा केबिनला कुलूप तरी होतं. एक कॉल टेक्निशियनच्या खासगी व्हॉट्सॲपवर आला होता आणि रजिस्टरमध्ये दुसऱ्या दिवशी चढला होता. तीन कॉल मात्र सरळ आमच्या चुकीचे. तिन्ही इन्व्हर्टर मशिनं, तिन्ही पीसीबीसाठी थांबलेली, आणि पीसीबी कंपनीकडून मागवायला लागतो. म्हणजे खरा आकडा ३१ पैकी २८, ९०.३ टक्के. कपात कमी झाली, पण ९५ आम्ही गाठलेच नव्हते. जो सुटा भाग आपला डीलर तीन दिवसांत देतो, त्यावर चोवीस तासांचा शब्द ग्राहकाला देऊ नये. एक तर डीलरकडून तेवढीच मुदत लेखी घ्या, नाहीतर तो भाग साइटवर ठेवा. आम्ही जास्त असलेल्या दोन मॉडेलांचा एकेक पीसीबी आणि फॅन मोटर तिथेच ठेवली.

रजिस्टर तेव्हापासून बदललं. प्रत्येक कॉलला पाच वेळा लिहायच्या: कॉल कधी आला, माणूस गेटवर कधी, मशिन हातात कधी मिळालं, चालू कधी झालं, आणि मध्ये मुदतीचं घड्याळ थांबवलं असेल तर कधी ते कधी. थांबवण्याचं कारण आणि दोन्ही बाजूंची सही त्याच दिवशी हवी. महिनाअखेरीला आठवून भरलेल्या थांब्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. व्हेंडर तिथेच हात मारतो, हे आमच्याच धंद्यातले लोक म्हणून सांगतो. सर्व्हर रूमसाठी "चालू" म्हणजे खोली २४ अंशांखाली. पोर्टेबल एसी लावून ती गाठली तरी चालेल, पण कायमच्या दुरुस्तीचं घड्याळ वेगळं चालतं.

टक्केवारीही दोन जागी फसवते. मशिनं किती वेळ चालू राहिली याची टक्केवारी घ्या: चाळीस मशिनं, ३० दिवस, म्हणजे २८,८०० मशिन-तास. सर्व्हर रूमचं एक मशिन ६० तास बंद राहिलं तरी सरासरी ९९.७९ टक्के दिसते. त्याच मशिनचा हिशोब एकट्याने केला तर ९१.७ टक्के येतो. म्हणून ती दोन मशिनं सरासरीतून बाहेर काढून वेगळी मोजायला लावली. दुसरं म्हणजे डिसेंबरात दहाच कॉल असतात, त्यात एक चुकला की थेट ९० टक्के. आता महिन्यात वीसपेक्षा कमी कॉल असतील तर टक्केवारी काढत नाही, फक्त चुकलेले कॉल मोजतो. एकपर्यंत माफ.

करार नव्याने व्हायच्या वेळी त्याच ग्राहकाची दुसरी इमारत आमच्या हातून गेली, ते अजून डाचतं. स्पर्धकाने दर कमी दिला आणि "एका तासात हजर" लिहिलं. एक पोरगा साइटवर कायम बसवला. दहा मिनिटांत हजेरी, दर महिन्याला शंभर टक्के. मशिन कधी चालू झालं ते अटीत मोजलंच जात नव्हतं. पोरगा गॅस भरून कॉल बंद करायचा, लीक तसाच. गेज मॅनिफोल्ड लावून प्रेशर बघायचं आणि टॉप-अप करायचा, हे काम अर्ध्या तासाचं. नायट्रोजन भरून फ्लेअर नटांवर साबणाचा फेस लावायचा, लीक बंद करायचा, व्हॅक्यूम पंपाने ओढायचं आणि वजनकाट्यावर मोजून गॅस भरायचा, याला अर्धा दिवस जातो. वेळेचीच अट असली की पहिलं काम जिंकतं. म्हणून आमच्या इमारतीत आम्हीच एक अट सुचवली: त्याच मशिनचा तोच बिघाड ३० दिवसांत परत आला तर आधीचा कॉल चुकलेला धरायचा. ग्राहकांनो, ही ओळ करारात नसेल तर घालून घ्या.

बैठक महिन्याला पाऊण तासाची असते. आकडे तीन दिवस आधी दोघांकडे जातात आणि हरकत बैठकीआधीच घ्यायची, नाहीतर पाऊण तास आकड्यांवरच जातो. आधी मागच्या इतिवृत्तातली राहिलेली कामं, मग फक्त चुकलेले आणि परत आलेले कॉल. बिल आणि कपातीचा विषय तिमाही बैठकीत, खरेदी विभागासमोर. साइट इंजिनिअरसमोर पैसे काढले की तो खरं सांगणं बंद करतो. एखादं काम दोन बैठकांत सुटलं नाही तर तिमाही बैठकीत जातं.

सध्या तसंच एक काम आहे. एसीची क्षमता ३५ अंश बाहेरच्या तापमानावर मोजलेली असते, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. गच्चीवरची सात कंडेन्सर थेट उन्हात आहेत, दुपारी हाय प्रेशरवर ट्रिप होतात, आणि त्या ट्रिप आमच्या खात्यावर चढतात. शेड मागितली आहे. उंच आणि चारही बाजूंनी मोकळी हवी, नाहीतर गरम हवा तिथेच घुटमळून कंडेन्सर तीच परत ओढतो. फेब्रुवारी आणि मार्च, दोन्ही इतिवृत्तांत ते काम ग्राहकाच्या नावावर लिहिलं आहे. एप्रिलच्या बैठकीत ते खरेदी विभागासमोर जाईल, सोबत त्या सात मशिनांच्या दुपारच्या ट्रिपच्या नोंदी घेऊन.