मुदतवाढीचा अर्ज

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी वडणग्याच्या गुऱ्हाळावर पोचले आणि वासावरूनच कळलं, आज आधण नाही. एरवी रस्त्यापासूनच उकळत्या रसाचा गोड वास येतो. आज नुसता ओल्या चिपाडांचा आंबूस दर्प. चुलवाण गार, काहील पालथी घातलेली. गुळवे मामा पोत्यावर बसून होते. म्हणाले, "चिपाडं भिजल्यात बाळ. जाळ कशाचा करायचा?"

रस काढून उरलेली चिपाडं पटांगणात पसरून वाळवतात आणि तीच चुलवाणात घालतात. दोन दिवसांच्या अवकाळी पावसानं ती सगळी भिजली. ओलं चिपाड धुमसतं, धूर करतं, पण एकसारखा जाळ देत नाही. आणि जाळ कमी पडला की रस काहिलीत जास्त वेळ राहतो, गूळ काळपट होतो. त्यात रानात चिखल, ऊसतोड बंद.

माझ्या प्रकल्पात तीन आधणांच्या नोंदी हव्या आहेत: रसाचा ब्रिक्स म्हणजे त्यातलं साखरेचं प्रमाण, काहील उतरवतानाचं तापमान, लागलेला वेळ, गुळाचं वजन. दोन झाल्या. तिसरी राहिली, आणि जमा करायची तारीख सोमवार, २४.

केएमटीच्या बसमध्ये बसल्या बसल्या वहीच्या मागं अर्ज लिहिला. "पावसामुळे अडचण आली, तरी काही दिवस मुदत द्यावी." वाचला आणि खोडला. काही दिवस म्हणजे किती, हे मॅडमनी का ठरवायचं? गुऱ्हाळ कधी पेटणार हे मला माहीत नसेल तर त्यांना कुठून असणार? म्हणून स्टँडवर उतरल्या उतरल्या मामांना फोन केला. त्यांनी हिशेब सांगितला: ऊन राहिलं तर चिपाडं वाळायला तीन दिवस, मंगळवारी पहिलं आधण. "पर मंगळवारी येऊ नगंस. गार चुलवाण तापायला येळ लागतोय, पैल्या आधणाचा येळ खरा धरू नगंस. बुधवारी ये."

तिथून पुढं तारीख सोपी झाली. बुधवारी नोंद, गुरुवारी आकडेमोड, शुक्रवार-शनिवार लिखाण. शनिवारीच देते म्हणावं असं एकदा मनात आलं, कमी दिवस मागितले की बरं दिसतं. पण एक दिवस ऊन पडलं नाही तर पुन्हा अर्ज करावा लागेल, आणि दुसऱ्यांदा मुदत मागायला मला खरंच तोंड नसेल. रविवार हाताशी ठेवला आणि सोमवार, १ डिसेंबर लिहिलं.

एक मैत्रीण म्हणाली, दोन नोंदींची सरासरी काढून तिसरी भर, कोण बघतंय. मला ते अजिबात पटलं नाही. पावसानंतरच्या उसाचा रस पातळ लागतो असं मामा सांगतात, म्हणजे तिसरा आकडा वेगळा येण्याचीच शक्यता जास्त. तोच तर बघायचा आहे.

शेवटी कोऱ्या कागदावर उतरवला तो असा:

प्रति,
मा. प्रकल्प मार्गदर्शक मॅडम,
अन्नतंत्रज्ञान विभाग

विषय: गूळ प्रकल्प सादर करण्यास १ डिसेंबरपर्यंत मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदया,
माझा प्रकल्प सोमवार, दि. २४ नोव्हेंबर रोजी सादर करायचा आहे. तीनपैकी दोन आधणांच्या नोंदी पूर्ण झाल्या आहेत. पावसाने जळण भिजल्यामुळे गुऱ्हाळ बंद असून ते मंगळवारी सुरू होईल, असे गुळव्यांनी सांगितले आहे. तिसरी नोंद मी बुधवार, दि. २६ रोजी घेईन आणि पूर्ण प्रकल्प सोमवार, दि. १ डिसेंबर रोजी दुपारी १२ पर्यंत जमा करेन. तोपर्यंत झालेले काम सोबत जोडले आहे. १ तारखेपर्यंत गुऱ्हाळ सुरू झाले नाही, तर दोनच नोंदींवर, तसा स्पष्ट उल्लेख करून, त्याच दिवशी प्रकल्प सादर करेन. कृपया मुदतवाढ द्यावी, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी

गुऱ्हाळ सुरू झालं नाही तर काय, ते विनंतीच्या आधीचं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण ते नसतं तर माझी तारीख चिपाडांवर अवलंबून राहिली असती.

दुपारी दोनला दिला. चोवीस तारीख उजाडायच्या आत द्यायचाच होता. मॅडमनी आधी जोडलेली पानं चाळली. दुसऱ्या नोंदीतल्या ११८ अंशांवर बोट ठेवून विचारलं, "थर्मामीटर रसात किती खोल धरला होतास?" मी सांगितलं. मग अर्ज वाचला, १ डिसेंबरखाली रेघ ओढली आणि सही केली. "बुधवारी दोनदा मोज, कडेला आणि मध्ये," एवढंच म्हणाल्या.

आत्ता रात्रीचे दहा. आभाळ मोकळं आहे, चांदण्या दिसताहेत. उद्या ऊन पडेल.