गौळणीतली मावशी आणि तोंडीचे प्रश्न

विद्यार्थ्यांच्या गटाने केलेली बारा मिनिटांची तमाशातली गौळण, त्यावर आठ मिनिटांची तोंडी परीक्षा आणि विषय 'परंपरा की नवता'. प्रश्न मी काढले. पहिल्या कच्च्या यादीत 'तुम्ही परंपरा कशी जपलीत?' असा प्रश्न होता. त्याला प्रयोग न करताही छान उत्तर देता येतं, म्हणून तो खोडला.

मग एकेक बदल धरून विचारायचं ठरवलं: इथे आधी काय असायचं, ते कोणतं काम करायचं आणि आता ते काम कोण करतं?

या गटाने मावशीची भूमिका मुलीला दिली होती. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची ही म्होरकी परंपरेने पुरुष करत आला. डोक्यावर पदर, पण आवाज आणि चाल पुरुषाची. ती तोंड उघडण्याआधीच अर्धा हशा मिळतो. म्हणून माझा प्रश्न होता, 'तो अर्धा हशा आता कुठून आणणार?' 'स्त्रीला संधी दिली' हे कारण चांगलं आहे, पण या प्रश्नाचं उत्तर नाही. पटेल असं उत्तर म्हणजे, 'आमची मावशी कृष्णाशी दाणावरून, म्हणजे वाटेच्या जकातीवरून, घासाघीस करते, हसू तिच्या हिशेबातून येतं.' तसं उत्तर आलं की लगेच त्या चार ओळी करून दाखवायला सांगायच्या. बोलण्यात पटलेलं कधी कधी करताना ढेपाळतं.

दुसरा बदल ढोलकीचा. तिच्या जागी त्यांनी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावला होता. त्यात अडचण सुराची नाही, थांबण्याची आहे. ढोलकीवाला नटाकडे बघत असतो. हशा लांबला तर तो ठेका धरून ठेवतो आणि हशा ओसरला की थाप देऊन पुढचं वाक्य उचलून देतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे पुढचा संवाद हशात बुडतो. प्रश्न असा ठेवला: 'प्रेक्षक दहा सेकंद जास्त हसले तर काय कराल?' गाण्यापुरता ट्रॅक आणि संवादांना तोंडाने ठेका, हे उत्तर मी पूर्ण गुणांचं मानतो.

तिसरा प्रश्न थोडा खोडसाळ आहे. पेंद्या मोबाइलवरून विनोद करतो, याला मुलं हमखास 'नावीन्य' म्हणतात. पण चालू घडामोडींवर ऐनवेळी कोटी करणं ही तमाशाची जुनीच रीत. म्हणून विचारायचं, 'यात नवं काय?' 'काहीच नाही, हे परंपरेतलंच आहे' असं म्हणणाऱ्याला मी जास्त गुण देतो.

आठ मिनिटांत हे तीनच प्रश्न बसतात. चौथा घेतला की करून दाखवायला वेळ उरत नाही आणि तोंडी नुसत्या बोलण्याची होते.