‘गॉगल वापरा’ म्हणाले, पण कोणता?

डिसेंबरमध्ये माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना जो कागद दिला त्यावर औषधांच्या ओळींखाली दोनच शब्द होते: ‘गॉगल वापरा’. या दोन शब्दांपायी माझे सहा आठवडे गेले. कोणता गॉगल, कुठे मिळतो, तो लावून रानात काम होतं का, यातलं एकही धड कोणी सांगितलं नाही. म्हणून मलाच जे हाती लागलं ते लिहून ठेवतो.

आम्ही औसा तालुक्यातले. सोयाबीन, तूर, हरभरा. मळणीयंत्रावर दरवर्षी मी स्वतः उभा असतो. नाकाच्या बाजूने डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मांस वाढायला लागलं त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. सुरुवातीला नुसता पिवळसर उंचवटा होता, मग त्याला लाल शिरा फुटल्या आणि तो तिकोनी होऊन बुबुळावर चढायला लागला. मी मेडिकलमधून लाली जायचे थेंब आणून घालत होतो. लाली जायची, मांस तिथेच. एकदा गावात मोतीबिंदूचं शिबिर आलं होतं, तिथे ‘हा मोतीबिंदू नाही’ एवढं सांगून मला रांगेतून बाजूला काढलं.

ऑपरेशनच्या आधी डोळ्याच्या डॉक्टर मॅडमनी मोजून सांगितलं की मांस बुबुळावर तीन मिलिमीटर आत आलंय आणि ओढ बसून बुबुळाचा आकार बदललाय, म्हणून चष्म्याचा नंबर तिरका झालाय. लहान असतं आणि नजरेला त्रास देत नसतं तर कापलं नसतं, असंही त्या म्हणाल्या. ऑपरेशन साधारण पाऊण तासाचं. डोळा बधिर करतात, मांस काढतात आणि त्या उघड्या जागेवर वरच्या पापणीखालचा पातळ पापुद्रा काढून बसवतात. आंब्याला कलम बांधतात तसंच ते. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नुसतं कापून जागा मोकळी सोडली तर मांस पुन्हा येण्याचं प्रमाण फार मोठं असतं. कलम केल्यावर ते बरंच खाली येतं, पण शून्यावर येत नाही. तेव्हा ऑपरेशन ठरवताना ‘पापुद्रा लावणार का’ हे आधी विचारा. टाके विरघळणारे होते. पहिले आठ दिवस डोळ्यात वाळू असल्यासारखं खुपत होतं, नंतर ते थांबलं. महिनाभर धुळीत जायचं नव्हतं, म्हणून तुरीची मळणी दादाने केली.

आता गॉगल. दवाखान्यातून जो काळा गॉगल मिळाला तो सपाट होता, दोन्ही कडा उघड्या. तो घालून मी बांधावर गेलो तर कानाच्या बाजूने सरळ ऊन आत. चष्म्याच्या दुकानात गेलो तर त्यांनी आणखी काळा दाखवला. मी विचारलं, यात ऊन अडतं का? तो म्हणाला, एवढा काळा आहे, अडणारच. दुसऱ्या दुकानात उन्हातली अतिनील किरणं अडतात असं सांगणारं ‘यूव्ही ४००’चं स्टिकर दाखवलं, पण तोही सपाटच. तिसऱ्या दुकानातल्याने विचारलं, तुम्हाला फॅशनचा पाहिजे का साधा? मी म्हटलं, मला हरभरा काढायचाय. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. हरभऱ्याची आंब अंगाला लागली की कशी झोंबते, ती डोळ्यात गेल्यावर काय होतं, हे दुकानात बसलेल्याला कळणार नाही, हे मी समजू शकतो. पण ज्यांनी कागदावर ते दोन शब्द लिहिले त्यांनी तरी सांगायला हवं होतं.

पुढच्या तपासणीला मी हट्टाने बसून राहिलो आणि मॅडमना विचारलंच की हे मांस नेहमी नाकाच्याच बाजूने का येतं. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला, माझ्या बायकोला स्टुलावर बसवलं आणि तिच्या कानाच्या बाजूने डोळ्यावर बारीक टॉर्च धरला. टॉर्च कानाकडे, आणि उजेडाचा लखलखीत ठिपका उमटला तो नाकाकडच्या कडेवर, जिथे बुबुळ संपून पांढरा भाग सुरू होतो बरोबर तिथे! बुबुळ भिंगासारखं असतं. कडेने आलेलं ऊन ते वाकवतं आणि त्या एकाच जागी गोळा करतं. लहानपणी आम्ही भिंगाने वाळला पाला जाळायचो, ते मला आठवलं. वीस-बावीस वर्षं रोज ते ऊन त्या जागेवर पडत होतं, आणि मी जत्रेतला सपाट काळा गॉगल लावून डोळा झाकल्याचं समाधान मानत होतो.

तिथून माझा शोध बदलला. लातूरला एका चष्मेवाल्याकडे काचेतून अतिनील किरणं किती जातात ते मोजायचं छोटं यंत्र आहे असं कळलं. मी घरातलं सगळं पिशवीत भरून घेऊन गेलो: दवाखान्याचा काळा गॉगल, माझा जत्रेतला, वडिलांचा जुना खऱ्या काचेचा चष्मा आणि पुतण्या कारखान्यात घालतो तो पूर्ण पारदर्शक सेफ्टी गॉगल. दोन्ही काळे पास झाले. जत्रेतलाही झाला, याचं मला नवल वाटलं. पारदर्शकही पास झाला, कारण तो पॉलिकार्बोनेटचा होता आणि ते प्लॅस्टिक मुळातच ही किरणं अडवतं, त्याला रंग लागत नाही. नापास झाला तो वडिलांचा काचेचा चष्मा. म्हणजे काळेपणावरून काही ठरत नाही. माझे दोन्ही काळे गॉगल समोरचं ऊन अडवत होते, पण माझ्या डोळ्याला मार कडेने बसत होता.

चांगला गॉगल शेवटी मिळाला तो चष्म्याच्या दुकानात नव्हे, वेल्डिंगचं आणि कारखान्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात. आधी त्याने वेल्डिंगची काळी काच काढली. ती नको, तिच्यातून रानात काही दिसत नाही. ‘पॉलिकार्बोनेटचा, कानापर्यंत वळलेला’ असं सांगा आणि त्यावर आय एस ५९८३ हा शिक्का आहे का ते बघा. मी दोन घेतले. एक करड्या रंगाचा, वळलेला, रोजच्या कामाला. दुसरा मळणीसाठी पारदर्शक, चेहऱ्याला चिकटून बसणारा, रबरी कडेचा आणि इलॅस्टिकच्या पट्ट्याचा. या बंद गॉगलला हवेची भोकं असतात, ती आडवळणाची घ्या. सरळ भोकांतून बारीक भुसा आत येतो आणि मग तो आतच फिरत राहतो. दोन्हींचे मिळून चारशेच्या आत पैसे गेले.

कडेने उजेड येतो का हे घरी बघता येतं. अंधाऱ्या खोलीत गॉगल लावून बसायचं, दुसऱ्याने कानाच्या थोडं पुढून मोबाईलचा टॉर्च धरायचा आणि नाकाकडच्या कडेवर तो ठिपका उमटतो का ते बघायचं. रंगीत गॉगलला हे चालतं. पारदर्शकातून दिसणारा उजेड जातोच, त्यामुळे तिथे ही परीक्षा लागू नाही. तिथे कडेला करंगळी शिरते का ते बघा. शिरत असेल तर तो तुमच्या मापाचा नाही.

वाफ धरते ही खरी अडचण आहे आणि तिच्यामुळेच लोक गॉगल काढून टाकतात. तोंडाला घट्ट रुमाल बांधला की श्वास वर जातो आणि काच धुरकट होते. रुमाल नाकाच्या हाडावर नीट दाबून बसवला तर फरक पडतो. कपाळाला सुती पट्टी बांधली तर घाम खाली उतरत नाही. मळणीत दर तासाला यंत्रापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं, गॉगल तिथे काढून पाण्याने धुवायचा. कोरड्या धोतराने पुसायचा नाही. भुशाने काचेवर ओरखडे पडतात आणि महिन्याभरात त्यातून दिसेनासं होतं. माझा पहिला असाच गेला.

टोपीचंही सांगतो. रुंद काठाची टोपी वरून येणारं ऊन अडवते, ती हवीच, पण सकाळी आणि चारनंतर ऊन तिरपं असतं तेव्हा ते काठाखालून येतं. भर दुपारी भुवईची सावली तरी असते. म्हणून गॉगल सकाळी रानात पाय टाकताना लावायचा. मोटारसायकलवर हेल्मेटची काच खाली घ्या, आमच्या रस्त्याला धूळ मळणीपेक्षा कमी नसते.

थेंबांबद्दल राहिलंच. ऑपरेशननंतर जे थेंब देतात त्यात स्टेरॉइड असतं, ते हळूहळू कमी करत थांबवायचे असतात. माझे दीड महिना चालले आणि मधे डोळ्याचा दाब तपासला. उरलेली बाटली मी टाकून दिली, तुम्हीही टाका. उसाचं किंवा मक्याचं पान डोळ्याला लागलं आणि कोणी ती घरातली बाटली घातली तर बुरशीचा जंतुसंसर्ग वाढून डोळा जाऊ शकतो. पान लागलं, डोळा दुखतोय, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. कचरा गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा.

आणि एक, काढलेलं मांस तपासायला पाठवा असं सांगा. माझं पाठवलं होतं, साधं निघालं. पण मांस झपाट्याने वाढत असेल, वर पांढरट खरबरीत थर असेल किंवा फुलकोबीसारखं दिसत असेल तर ते टेरिजियम नसून कर्करोगही असू शकतो, असं मॅडम म्हणाल्या.

मांस परत आलं तर बहुतेक पहिल्या वर्षात येतं. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला बायको माझ्या डोळ्याचा फोटो काढते. दारात, सकाळच्या उजेडात, मी उजवीकडे बघायचं आणि ती नाकाकडची कड जवळून टिपते. हरभऱ्याची मळणी मी बंद गॉगल लावून पूर्ण केली. मार्चचा फोटो डिसेंबरच्या फोटोशेजारी ठेवून बघितला, बुबुळाची कड स्वच्छ आहे. दादाच्या डाव्या डोळ्यात तसाच पिवळा उंचवटा दिसतोय, त्याच्यासाठीही वळलेला गॉगल आणला. तो कडेने सैल बसत होता, म्हणून परवा परत जाऊन लहान मापाचा बदलून आणला.