बोलोन्यात जेवणाच्या वेळा पाळताना

इटलीतल्या बोलोन्याला उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सामान हॉटेलात टाकलं आणि मी नि ताई जेवायला निघालो. पहिल्या खानावळीत टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवत होते. दुसरीकडे दारातच सांगितलं, "कुचीना क्युजा." स्वयंपाकघर बंद. आता थेट साडेसातला. चार दिवसांची सहल निव्वळ खाण्यासाठी आखली होती, आणि पहिलं जेवण काय, तर बारच्या काउंटरवरचं थंड सँडविच. "तू यादी केलीस, वेळा नाही बघितल्यास," ताई म्हणाली. खरंच होतं ते.

त्या रात्री वही काढून सगळं नव्याने मांडलं. साधारण साडेबारा ते अडीच दुपारचं जेवण, रात्रीचं साडेसातनंतर. बाजाराची खरी वर्दळ सकाळी. रविवारी रात्री आणि सोमवारी बऱ्याच खानावळी बंद, म्हणून आधी फोन करायचा. दिवसातून दोन मोठी जेवणं झेपणार नव्हतीच, तेव्हा एकच मोठं, तेही दुपारी. संध्याकाळी पेयाबरोबर काहीतरी चघळायला, बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी पियाझ्झा माज्जोरे या मुख्य चौकामागच्या क्वाद्रिलातेरो या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत शिरलो. काचेआड नखाएवढे तोर्तेलिनी, म्हणजे सारण भरलेला पास्ता, आणि शेजारी त्यांचे थोरले भाऊ तोर्तेलोनी. तोर्तेलिनीत डुकराचं मांस असतं. तोर्तेलोनीत रिकोटा चीज, आणि लोणी-सेजच्या पानांबरोबर वाढतात. ताई अंडं खाते, मांस नाही. तिला हा फरक तिथे काचेसमोरच कळला, आणि तिचं पुढचं ऑर्डर करणं सोपं झालं. तरी एक अडचण उरलीच. सारणातल्या पार्मिजानो चीजसाठी दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. ते चालवायचं की नाही, हे मात्र तिचं तिनेच ठरवलं.

अकराला पास्ताचा वर्ग होता. वर्ग संध्याकाळी नको, सकाळीच घ्या असं मी सांगेन. जे लाटता तेच दुपारी खाता, म्हणजे एक जेवण त्यातच उरकतं, आणि पुढे तीन दिवस ताटात काय आलंय ते डोळ्यांना कळतं.

माणशी शंभर ग्रॅम मैदा आणि एक अंडं. पाणी नाही. मैद्याचं आळं करून अंडी त्यात फोडायची, काट्याने आतून बाहेर कालवायची आणि मग तळहाताने दहा-पंधरा मिनिटं मळायचं. गोळा गुळगुळीत झाला की झाकून अर्धा तास ठेवायचा. मी घाई केली. वीस मिनिटांत लाटायला घेतला, तर पारी रबरासारखी मागे येत राहिली. शिकवणाऱ्या बाई हसल्या आणि गोळा पुन्हा झाकून ठेवला. पाटही लाकडीच हवा, कारण त्याच्या खरखरीत अंगाने पारीला बारीक दाणा येतो आणि रस्सा तिला धरून राहतो. लाटणं हाताएवढं लांब. पारी थोडी लाटली की पाव वळण फिरवायची. मधे जाड आणि कडेला पातळ राहिली तर उकळताना कडा विरघळतात आणि मधलं कच्चं राहतं. झाली का ते कसं ओळखायचं? पारी उचलून खिडकीसमोर धरायची; पलीकडचा हात दिसला की झाली.

मग ती थोडी सुकू द्यायची. ओली कापली तर पट्ट्या एकमेकींना चिकटतात, जास्त सुकली तर घडीवर तडकते. माझी तडकली. ताईची नाही, आणि हे तिने दोन दिवस ऐकवलं. शिजल्यावर या पट्ट्यांची, म्हणजे तालियातेलेची, रुंदी आठ मिलिमीटर असावी, असं इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये 1972 सालापासून चक्क सोन्याच्या पट्टीनिशी नोंदवून ठेवलंय. माझ्या पट्ट्या त्या मापाला हसत होत्या.

तिसऱ्या दिवशी जवळच्या मोडेना शहराकडची चीज डेअरी. पार्मिजानोचा मुख्य कारभार सकाळीच होतो. आदल्या संध्याकाळचं, रात्रभर ठेवून साय काढलेलं दूध सकाळच्या दुधात मिसळतात, तांब्याच्या कढईत विरजतात आणि तळाचा गोळा कापडात धरून वर काढतात. एका कढईतून चीजची दोन चाकं. उशिरा गेलात तर रॅकवरची चाकंच बघायला मिळतात. आम्ही पहाटेच निघालो, टॅक्सी आधीच सांगून ठेवली होती, कारण डेअऱ्या स्टेशनजवळ नसतात. परतताना मोडेनातला आल्बिनेल्ली बाजार, आणि तिथेच जेवण.

शेवटच्या दिवशी गाडी होती साडेचारला. सामान बांधण्यात वेळ गेला आणि खानावळीत पोचलो तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. वेटरने घड्याळ पाहिलं, आमच्या बॅगा पाहिल्या आणि दोन बोटं वर केली: दोनच पदार्थ उरलेत. माझ्यासाठी रश्शातले तोर्तेलिनी, ताईला लोण्यातले तोर्तेलोनी. ताईने वही मिटून पिशवीत टाकली.