बुश मधूनच का फुटत होती

बेळगावच्या उद्यमबागेत माझी आधीची बरीच वर्षं फाउंड्रीत गेली. तिथं कास्टिंगमध्ये छिद्र दिसलं की माल सरळ रिजेक्ट. पावडर मेटलर्जीच्या शॉपमध्ये क्वालिटीला आलो तर इथं छिद्रं धरूनच हिशोब! लोखंडाची भुकटी, तांबं, ग्राफाइट आणि थोडं वंगण मिसळायचं, डायमध्ये दाबायचं आणि 1120 अंशांच्या भट्टीतून काढायचं. दाबलेला कच्चा तुकडा इतका नाजूक की नखानं कोपरा उडतो.

तेव्हा एका गिऱ्हाइकाकडून बुश, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या आखूड नळ्या, परत येत होत्या. 40 मिमी लांब, भिंत 4 मिमी. शाफ्टवर ठोकून बसवताना उभी तडकायची, आणि तडा नेहमी मधून सुरू व्हायचा. अख्ख्या बुशची घनता दर घन सेंमीला 6.8 ग्रॅम, म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे बरोबर. मला वाटलं, भट्टीत जरा जास्त वेळ ठेवली तर भरून येईल. प्रेसवरचे मामा म्हणाले, "भट्टी जोडत्या ओ, दाबत न्हाई. दाबायचं ते हितंच." खरं होतं. भट्टीत कण एकमेकांना चिकटतात, छिद्रांच्या कडा गोल होतात, पण आमच्या मिश्रणात माप जवळपास तेवढंच राहतं. घनता प्रेसवरच ठरते.

मग बुश आडवी कापून तीन तुकडे केले. छिद्रांत पाणी शिरून वजन चुकू नये म्हणून आधी तुकडा कोरडा तोलायचा, मग व्हॅक्यूममध्ये तेल पाजायचं. मधला तुकडा कोरडा 26.0 ग्रॅम, तेलासह हवेत 26.6, पाण्यात 22.6. पाण्यात वजन 4 ग्रॅमनं घटलं, म्हणजे आकारमान 4 घन सेंमी आणि कोरड्या वजनावरून घनता 6.5. वरचा 7.0, खालचा 6.9. सरासरीत मधली उणीव झाकली गेली होती. घट्ट लोखंड 7.85 धरलं, तर मध्ये 17 टक्के पोकळीच.

दोन्हीकडून दाबलं तरी डायच्या भिंतीशी घर्षण होऊन जोर मध्यापर्यंत पोचता पोचता घटतो. भिंत पातळ आणि लांबी जास्त, की फरक वाढतो.

17 टक्के पोकळी म्हणजे ताकद 17 टक्क्यांनी कमी, असा सरळ हिशोब नसतो. ओढलं की सगळा ताण छिद्रांच्या मधे कणांना जोडणाऱ्या बारीक मानांवर येतो, ताणणं तिथंच होतं आणि तडा एका छिद्रातून दुसऱ्यात जातो. म्हणून न तुटता ताणलं जायची क्षमता आधी जाते. नुसत्या लोखंडाची घनता 7.3 वरून 6.1 वर आली, तर ताकद साधारण निम्मी होते, पण तुटेपर्यंतचं ताणणं 7 टक्क्यांवरून दीडावर येतं. आमच्या तांबं-कार्बनवाल्या मालात ते मुळातच एक टक्क्याच्या आत, त्यामुळे ठोकून बसवताना सोसायला जागाच नव्हती.

दाब वाढवून पाहिला. मधली घनता किंचित चढली, पण बुश डायमधून बाहेर ढकलताना आडव्या पापुद्र्यासारख्या चिरा पडू लागल्या. शेवटी 20-20 मिमीच्या दोन बुश एकावर एक बसवायचं ठरलं. गिऱ्हाईक कुरकुरलं, कारण नग दुप्पट झाले. पण त्याच दाबावर मधला भाग 6.8 ला पोचला आणि तडकणं थांबलं. आता ड्रॉइंगवर मधल्या कापाची घनता वेगळी लिहिलेली असते, किमान 6.7.