सामान परत मिळालं, ते खरं

"भो, सामान तर परत मिळालं ना? मग दुसरं घर घे अन् तसंच मांड. त्यात एवढं काय?"

फायनल फँटसी 14 या ऑनलाइन गेममधलं माझं घर पाडलं गेलं, त्यावर मला हे ऐकायला मिळतं. सामान मिळालं, ते खरं. घर पाडलं गेलं तरी मांडलेल्या वस्तू केअरटेकर नावाच्या गेममधल्या पात्राकडे 35 दिवस राहतात आणि जमिनीच्या किमतीतले 80 टक्के परत मिळतात. गिल या गेमच्या चलनात 30 लाखांच्या प्लॉटचे 24 लाख आले. वस्तू कुठे आणि कोणत्या कोनात ठेवल्या होत्या, ते मात्र परत येत नाही. सगळं गाठोड्यात बांधून मिळतं.

सजावट म्हणजे काय ते एकदा नीट सांगतो. लहान घरात तेव्हा 200 वस्तूंची मर्यादा होती, आणि खाट असो की पेला, मोजणीत एकच. तळघरात मी आमच्या रावेरच्या जुन्या घरासारखी स्वयंपाकाची खोली केली होती. आधी `White Rectangular Partition` लावून मूळच्या भिंती झाकल्या. त्याही 200 मध्येच मोजल्या जातात. मग चूल, आणि तिच्या बाजूला उतरंड. गेममध्ये उतरंड नाही, ती रचावी लागते. जमिनीपासून वर काही ठेवायचं तर खाली टेबल किंवा फळी हवी, म्हणून प्रत्येक मडक्याखाली एक छोटं टेबल घेतलं आणि ते भिंतीत घुसवलं. वस्तू एकमेकींत घुसतात, त्यावरच सगळी कारागिरी उभी आहे. चार मडकी, चार लपलेली टेबलं, म्हणजे आठ वस्तू गेल्या. टेबल हलवलं की त्यावरचं मडकंही हलतं, आणि भिंतीत गेलेलं टेबल माऊसने पकडता येत नाही, यादीत शोधावं लागतं. ग्रिड बंद करून एकेक मडकं केसभर सरकवायचं. ही मांडणी साठवून ठेवायची सोय गेममध्ये तेव्हा नव्हती. बाहेरची साधनं ते करतात, पण ती नियमात बसत नाहीत आणि मी ती वापरत नाही.

आता ते पडलं कसं. मालक 45 दिवस घरात गेला नाही की घर पाडतात. नुसतं लॉगिन करून भागत नाही, दारातून आत जावं लागतं. बाबांची बायपास नाशिकला झाली, आणि मागोमाग वादळाने केळीची बाग आडवी केली. लॅपटॉप रावेरला, मी दवाखान्यात, आणि घरी आलो तर तारा पडलेल्या. इशाऱ्याची मेल मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून वाचली. माझा चोपड्याचा मित्र त्या घरात टेनंट होता, म्हणजे त्याला आत जायची, वस्तू हलवायची परवानगी होती. त्याला फोन केला. तो लगेच आत गेला. पण वैयक्तिक घरात टेनंट आत गेल्याने मुदत वाढत नाही, मालकच लागतो. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी तो रोज जात होता. शेवटी त्याने कोपऱ्याकोपऱ्यातून स्क्रीनशॉट काढले. उतरंडीचे समोरून, बाजूने, वरून. भिंतीत लपलेलं टेबल कुठल्याच फोटोत दिसत नाही. म्हणून म्हणतो, "तसंच मांड" हे सांगायला सोपं आहे.

नियमावर माझा राग आहे का? गेममध्ये घरांच्या एका वॉर्डात 60 प्लॉट असतात, आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. लॉटरीत पाच दिवस नाव घालायचं, पुढचे चार दिवस निकालाचे. माझा स्वतःचा प्लॉट लॉटरीतच लागला होता. तो रिकामा होता, म्हणजे आधी कुणाचं तरी घर तिथून गेलं असावं. तेव्हा मी मित्रांना ठासून सांगत होतो की जो खेळत नाही त्याने जागा अडवू नये. तो मुद्दा मला आजही खोडता येत नाही. पण तेव्हा "खेळत नाही" म्हटलं की डोळ्यांपुढे कंटाळून निघून गेलेला माणूस यायचा. बापाच्या उशाशी बसलेला माणूस त्यात मी धरलाच नव्हता.

सध्या अपार्टमेंट आहे. 5 लाख गिलला मिळतं आणि न गेल्याने पाडलं जात नाही. पण घेतलं तेव्हा त्यात 100 च वस्तू बसत होत्या, आणि अंगण नाही. लॉटरीत नाव मी अजून घातलेलं नाही. कधी वाटतं घालावं, कधी वाटतं पुन्हा मुदतीवर नजर ठेवून जगणं नको.

चोपड्याच्या मित्राचं म्हणणं, टेनंट आत गेला तरी मुदत वाढली पाहिजे. मी त्याला म्हणतो, मग न खेळणाऱ्या दहा जणांची घरं एकच माणूस राखत बसेल आणि नव्या माणसाला प्लॉट कधीच मिळणार नाही. तो म्हणतो, "तुझंच घर गेलं अन् तूच नियमाची बाजू घेतो का?" घेतो. आणि पुढच्या वेळी तो हेच बोलला, तर मी त्याच्या बाजूने बोलतो.